"अंघोळ करतो का?" याचं पूर्ण उत्तर : ठाण्याच्या वैद्यकीय मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
दिव्यांगत्व तपासणी वैद्यकीय मंडळ (मानसिक आजार), ठाणे

विषय : माझ्या भावाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या अर्जासोबत द्यायचं पत्र

सन्माननीय डॉक्टर साहेब आणि मॅडम,

माझ्या धाकट्या भावाचा यूडीआयडीच्या पोर्टलवर अर्ज भरून झालाय, कॅटेगरी मानसिक आजार, निदान स्किझोफ्रेनिया. तो ३९ वर्षांचा आहे, आजार २४व्या वर्षी सुरू झाला. आम्ही लोकमान्य नगरला राहतो, म्हणजे आई आणि तो राहतात, मी दोन गल्ल्या सोडून सासरी. हे पत्र त्याच्या फाईलला लावणार आहे आणि तेच इथे सगळ्यांसमोर पण टाकतेय, कारण ओपीडीच्या बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांशी बोलले की कळतं, असं पत्र नेमकं काय लिहायचं हे कोणालाच कोणी सांगत नाही. काही जण दोन ओळी लिहितात, "पेशंट मनोरुग्ण आहे तरी कृपया सर्टिफिकेट मिळावे", काही जण इतकं रंगवून लिहितात की वाचणाऱ्याला वाटावं माणूस खाटेला खिळलाय. भावाचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. पत्र त्याने स्वतः वाचलंय, त्याच्या संमतीने टाकतेय, एक दोन ठिकाणी त्याने दुरुस्ती पण करायला लावली, ती पुढे येईलच.

आधी एक गोष्ट सांगते. तुमच्यासमोर तो बसेल तेव्हा चांगला दिसेल. आई त्याला आदल्या दिवशी दाढी करायला लावेल, इस्त्रीचा शर्ट घालेल, सकाळी नऊला उठवून तयार करेल. तुम्ही विचाराल अंघोळ करता का, तो म्हणेल हो. जेवण? हो. औषध घेता? हो. घरात मदत करता? हो, पाणी भरतो. हे सगळं खरं आहे, तो खोटं बोलत नाही, त्याला बोलताच येत नाही खोटं. फक्त प्रत्येक उत्तराच्या मागे आई उभी असते आणि ती त्या खुर्चीवरून दिसत नाही.

मानसिक आजाराचं प्रमाण ठरवायला तुम्ही आयडियाज नावाची मोजपट्टी वापरता हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी समजावलं. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने बनवलेली आहे ती. जे घरचे हे वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यात चार गोष्टी बघतात, स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, ० म्हणजे काही अडचण नाही, ४ म्हणजे पूर्णच अडचण. मग आजाराला किती वर्षं झाली त्याचे १ ते ४ वेगळे, दहा वर्षांच्या वर गेलं की ४. सगळी बेरीज २० पैकी. ६ पर्यंत आली तर ४० टक्क्यांच्या खाली, ७ ते १३ म्हणजे ४० ते ७०, १४ ते १९ म्हणजे ७१ ते ९९, आणि २० ला शंभर. बहुतेक सगळ्या सवलती, आरक्षण वगैरे ४० टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे ६ आणि ७ मध्ये जो एक गुण आहे तो केवढा मोठा आहे ते बघा.

आणि यात भास होतात का, आवाज येतात का, याला वेगळे गुण नाहीत. आजार किती भयानक आहे ते यात मोजत नाहीत, आजारामुळे रोजचं जगणं किती अडतं ते मोजतात. बऱ्याच घरच्यांचं इथेच गणित चुकतं, ते अर्धा तास पहिल्या अटॅकची गोष्ट सांगत बसतात, कसा पळून गेला, कसा कल्याणला सापडला, आणि आज सकाळी त्याने ब्रश कसा केला ते सांगायचं राहूनच जातं. म्हणून मी पंधरा वर्षांपूर्वीचं काही लिहीत नाहीये. ते डिस्चार्ज कार्डात आहे. मी लिहितेय ते गेल्या सहा महिन्यांतलं, औषध व्यवस्थित चालू असतानाचं, डोस या काळात बदललेला नाही. जे मी डोळ्यांनी बघितलं ते "मी बघितलं" असं लिहिलंय आणि जे आईने सांगितलं तिथे आईचं नाव घेतलंय. आई चोवीस तास त्याच्यासोबत असते, मी रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना जाते आणि रविवार तिथेच असते.

स्वतःच्या काळजीपासून सुरू करते.

अंघोळ तो स्वतःच्या हाताने करतो, कोणाला घालावी लागत नाही. पण आईने बादलीत पाणी काढायचं, टॉवेल आणि कपडे दारावर टाकायचे आणि म्हणायचं "जा रे आता". मी पत्रात "तीनदा सांगावं लागतं" असं लिहिलं होतं, त्यावर तो म्हणाला दोनदा. बरं, दोनदा. दाढी आठवड्यातून एकदा, ती पण सांगून. दात घासतो पण पेस्ट संपली तर नुसताच ब्रश फिरवतो, पेस्ट संपली हे कोणाला सांगत नाही. संडास बाथरूमची काही अडचण नाही, कपडे नीट घालतो, बटणं नीट लावतो, ताटात वाढलेलं जेवतो. हे सगळं तो करू शकतो आणि हे मी मुद्दाम लिहितेय.

आता आई नसेल तर काय होतं ते. मार्चमध्ये मामाच्या घरी लग्न होतं म्हणून आई आठवडाभर साताऱ्याला गेली. मी सकाळ संध्याकाळ डबा द्यायचे ठरवलं पण सांगायचं नाही काही, म्हणजे आठवण करायची नाही, फक्त बघायचं, हे आमच्या डॉक्टरांना विचारून केलं, आणि गोळ्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी सांगितलं की एका डोसच्या वर चुकू द्यायचा नाही. तर, अंघोळ त्याने चौथ्या दिवशी केली, ती पण मी म्हटल्यावर, मला राहवलं नाही. शर्ट तोच. डबा ओट्यावर ठेवलेला असायचा, भूक लागलेली असायची कारण मी ताटात वाढून समोर ठेवलं की लगेच सगळं संपवायचा, पण डबा उघडून स्वतः घ्यायचा नाही. विचारलं का नाही जेवलास तर म्हणाला "लक्षात नाही आलं". गोळ्यांची पट्टी पहिल्याच रात्री तशीच होती, त्यानंतर गोळी मी हातात देत होते. दार आतून लावायचा मात्र, गॅसला हात लावत नाही, कुठे पळून गेला नाही. म्हणजे धोका काही नव्हता. पण आठवडाभर कोणी नसेल तर माणूस हळूहळू बंद पडत जातो, एवढं मी बघितलं.

स्वयंपाकाबद्दल एक खुलासा. काही जण लिहितात पेशंट स्वयंपाक करू शकत नाही. आमचा पण करू शकत नाही, पण तो आजाराच्या आधी पण करत नव्हता, आमच्या घरात तेव्हा पुरुष माणसाला कोणी चहा सुद्धा करायला लावत नसे (ती चूक आमची, आजाराची नाही). त्यामुळे स्वयंपाक येत नाही हे मी अडचणीत धरलेलं नाही. आधी काय करायचा ते सांगते म्हणजे फरक कळेल, आयटीआयला टर्नरचा ट्रेड केलेला, वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, स्वतःची बाईक स्वतः उघडून रिपेअर करायचा, पगार झाला की आईच्या हातात द्यायचा आणि त्यातले शंभर रुपये परत मागून घ्यायचा. हा माणूस तुलनेला घ्या.

माणसांशी संबंध. इथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते की लोक चुकीचं समजतात. तो कोणाला मारत नाही, शिव्या देत नाही, गेल्या सहा महिन्यांत एकदाही आरडाओरडा नाही. गुण वाढावेत म्हणून "हिंसक होतो" असं लिहायचा सल्ला मला एका एजंटने दिला, फॉर्म भरून देणारे बसतात ना बाहेर त्यातला. मी लिहिलं नाही. एक तर खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे त्या मोजपट्टीत हिंसेचा रकानाच नाही, म्हणजे त्याचा उपयोग तर शून्य, पण कागदावर ते वाक्य कायमचं राहणार, उद्या त्याला डे केअरमध्ये घालायचं म्हटलं तर पहिला अडथळा तेच वाक्य.

खरी अडचण शांततेची आहे. तो स्वतःहून बोलणं सुरू करत नाही. शेजारचे काका जिन्यात भेटले "काय रे बरा आहेस ना" म्हणाले तर "हो काका" म्हणतो, तिथेच संपतं. गणपतीत घरी माणसं येतात तेव्हा आतल्या खोलीत जाऊन बसतो, आई प्रसाद द्यायला बाहेर बोलावते तर येतो, प्लेट देतो, परत आत. कोणी रडत असेल किंवा चिडलं असेल तर त्याच्या लक्षात येतं की नाही मला सांगता येणार नाही, पण त्याच्याकडून काही होत नाही. मी स्वतः फेब्रुवारीत आजारी होते, त्याच्यासमोर सोफ्यावर ताप येऊन पडले होते, तो बाजूला टीव्ही बघत बसला, मी म्हटलं पाणी दे तर लगेच उठून दिलं. प्रेम नाही असं नाही. सुरुवात त्याच्याकडून होत नाही. आयटीआयचे मित्र होते चार पाच, एकाशीही आता फोन नाही. माझ्या मुलीशी मात्र कॅरम खेळतो, ती बोलावते तेव्हा, दोन गेम होतात मग उठून जातो. हे कॅरमचं त्याने स्वतः घालायला सांगितलं.

बोलणं आणि समजणं. सरळ बोललेलं समजतं. पेपरची हेडलाईन वाचतो, क्रिकेटचा स्कोअर लक्षात असतो. उत्तर द्यायला वेळ लागतो, कधी कधी आपल्याला वाटतं ऐकलंच नाही, मग थोड्या वेळाने उत्तर येतं, तेव्हा तुम्ही प्रश्न विचारल्यावर प्लीज जरा थांबा, दुसरा प्रश्न लगेच आला की पहिल्याचं उत्तर गेलं. फोन उचलतो पण निरोप पोचत नाही. मोठी गोष्ट सांगायला लागलो की मध्येच तुटतो. अडचण कुठे येते ते एका उदाहरणाने सांगते, किराणा दुकान खाली आहे, त्याला चिठ्ठी आणि पैसे देऊन पाठवलं तर तो साखर आणि साबण बरोबर आणतो, पैसे पण बरोबर परत आणतो. पण दुकानदार म्हणाला "हा साबण नाही, दुसरा देऊ?" की तो रिकाम्या हाताने परत येतो, साखर पण न घेता. ठरल्याप्रमाणे चाललं तर जमतं, ठरलेलं बदललं की थांबतं. टीएमटीचं पण तसंच, घरापासून स्टेशनपर्यंतची बस त्याला माहिती आहे, दिवसा एकटा जाऊन येतो. एकदा रस्त्याच्या कामामुळे बस दुसरीकडून वळवली तर तो शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिला आणि कंडक्टरने विचारल्यावर घरचा नंबर दाखवला. नंबर खिशात चिठ्ठीवर असतो म्हणून. त्यामुळे "एकटा प्रवास करू शकतो का" या प्रश्नाला माझं उत्तर, ओळखीच्या एका मार्गावर दिवसा हो, बाकी नाही.

कामाबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण सर्टिफिकेटचं खरं कारण तेच आहे.

आजारानंतर त्याने काम सोडून दिलं असं नाही. वर्कशॉपच्या मालकाने बरं झाल्यावर परत घेतलं होतं, चांगला माणूस. पण लेथवर लक्ष सुटलं तर बोटं जातात, मालकाला पण भीती वाटायला लागली, त्याने समजावून थांबवलं. मग एका पॅकिंगच्या ठिकाणी लागला, तिथे सकाळी आठची शिफ्ट. रात्रीच्या गोळीनंतर त्याला सकाळी दहाच्या आधी जागच येत नाही, उठवला तरी अकरापर्यंत डोळे जड असतात, क्लोझापिन चालू आहे त्याला, डॉक्टरांनी कमी करून बघितलं तर आवाज परत वाढले. म्हणजे गोळी घेतली तर सकाळ जाते आणि नाही घेतली तर सगळंच जातं. औषधाच्या गुंगीमुळे अडतं ते पण अडणंच आहे, तुम्ही ते "साईड इफेक्ट" म्हणून बाजूला ठेवू नये अशी विनंती. पॅकिंगचं काम एक महिना पण टिकलं नाही. दुपारच्या शिफ्टचं पण बघितलं होतं एका ठिकाणी, तिथे वेळेवर पोचायचा, पण मध्येच हात थांबायचे, सुपरवायझर सांगायचा परत सुरू व्हायचे, लाईनवर मागे माल साठायचा. भांडण नाही, तक्रार नाही, "उद्यापासून येऊ नको" एवढंच.

आता घरी काय करतो, सकाळी पाणी येतं तेव्हा तो झोपलेला असतो म्हणून संध्याकाळचं पाणी भरतो, वाळलेले कपडे काढतो, घड्या घालतो. घड्या छान घालतो, आमच्यात कोणाला जमत नाहीत तशा. पण पंधरा वीस मिनिटांनी उठतो, अर्धे कपडे तसेच खाटेवर, तासाभराने आई म्हणते राहिलेत बघ, तेव्हा येऊन पूर्ण करतो. जवळ कोणी असेल आणि मध्ये मध्ये सांगत असेल तर दुपारनंतर दोन तासाचं साधं काम तो करू शकेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आठ तासाची नोकरी, वेळेचं बंधन, टार्गेट, अनोळखी माणसं, हे नाही जमणार. म्हणून "काहीच काम करू शकत नाही" असं मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते असं, स्वतःच्या कमाईवर स्वतःचं पोट भरेल इतकं आणि इतकं नियमित काम तो करू शकत नाही.

हे वाक्य इतकं तोलून का लिहिलं तर वडील राज्य सरकारी नोकरीत होते, आईला आता फॅमिली पेन्शन मिळतं, आणि आईच्या नंतर ते त्याला मिळायचं असेल तर आजारामुळे तो उपजीविका कमवू शकत नाही हे वैद्यकीय कागदावर असावं लागतं. वडील नोकरीत असतानाच आजार सुरू झाला होता, त्याचा पहिला केसपेपर फाईलमध्ये सगळ्यात वर लावलाय. आई सत्तरीच्या पुढे आहे. मी आहे, पण माझा पण संसार आहे, आणि तो माझ्यावर अवलंबून राहावा यापेक्षा त्याच्या नावावर काहीतरी असावं असं मला वाटतं, त्याला पण वाटतं.

आता त्या मोजपट्टीचं माझ्या परीने केलेलं गणित लिहिते. गुण देणं तुमचं काम आहे, त्यात मला ढवळाढवळ करायची नाही, पण घरच्यांनी कसं सांगितलं की काय होतं ते दिसावं म्हणून. आईला मी आधी विचारलं होतं, तुला विचारलं तर काय सांगशील, तर ती म्हणाली सगळं स्वतःचं स्वतः करतो, कोणाला त्रास नाही, बोलतो कमी, घरात मदत करतो. चार माणसांत पोराची लाज जाऊ नये म्हणून आई असंच सांगणार, कोणाचीही आई असंच सांगेल. हे ऐकून कोणी गुण दिले तर काळजीला ०, संबंधांना १, बोलण्याला ०, कामाला १, झाले २, पंधरा वर्षांचे ४ मिळवले की ६. म्हणजे ४० च्या खाली. आता वर मी जे लिहिलंय त्यावरून मला वाटतात ते गुण असे, काळजीला २, संबंधांना २, बोलण्याला १, कामाला ३, हे ८ आणि वर्षांचे ४, एकूण १२. दोन्ही वेळेला माणूस तोच, आजार तोच, आई पण खोटं बोललेली नाही. आणि त्या एजंटचं ऐकून सगळीकडे ३ आणि ४ होतील असं लिहिलं असतं तर बेरीज १९ पर्यंत गेली असती, पण मग ओपीडीच्या केसपेपरवर आमच्याच डॉक्टरांनी महिन्यांमागून महिने जे लिहिलंय, "एकटा येतो, औषध नियमित, आईसोबत", त्याच्याशी ते जुळलं नसतं, आणि न जुळणारा कागद बघितला की तुम्ही बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण विश्वास ठेवणार नाही. शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खोटं सांगून दिव्यांगांचे फायदे घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही असं कलमच आहे, ९१ नंबरचं.

त्याच कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत रोजच्या आयुष्याच्या साध्या गरजा भागवायची क्षमता हा मुद्दा आहे. मी या पत्रात त्याच साध्या गरजा लिहिल्यात, पेस्ट, डबा, साबण, बस.

दोन तीन विनंत्या आहेत.

एक म्हणजे, त्याने "हो" म्हटलं की पुढचा प्रश्न विचारा, कोणी सांगितल्यावर की स्वतःहून, आणि नाही सांगितलं तर काय होतं. याचं उत्तर तो स्वतः पण खरं देईल, मी घरी विचारून बघितलंय. घाई झाली की तो गप्प होतो, तेव्हा नंबर मागे पुढे झाला तरी चालेल, आम्ही थांबू. वेळ दुपारची मिळाली तर फारच बरं, सकाळी त्याची खरी अवस्था पण दिसत नाही आणि चांगली पण दिसत नाही, नुसती झोप दिसते.

दुसरं, आईला किंवा मला दोन मिनिटं वेगळं विचारा. ३९ वर्षांच्या माणसासमोर त्याची आई "याला अंघोळीला दोनदा सांगावं लागतं" म्हणाली की त्याची मान खाली जाते, हे मी एका ठिकाणी बघितलंय, त्यानंतर तो उरलेल्या सगळ्या प्रश्नांना नुसतं "ठीक आहे" म्हणाला. वेगळं विचारणं शक्य नसेल तर हे पत्र त्याच कामासाठी आहे, वाचलं की मोठ्याने विचारावं लागणार नाही.

तिसरं, तुमचा निर्णय वेगळा आला, ४० च्या खाली आला तरी हरकत नाही, पण कोणत्या रकान्यात किती गुण ते आणि कारण लेखी द्या. अपिलाची सोय कायद्यात आहे हे आम्हाला माहिती आहे, पण त्याआधी आम्हाला हे समजायला पाहिजे की आमच्या सांगण्यात काय कमी पडलं की तो खरंच तुम्हाला बरा वाटला. आणि प्रमाणपत्र तात्पुरतं देणार असाल तर पुढच्या तपासणीची तारीख स्पष्ट लिहा, तोवर त्याच्यात फरक पडला, चांगला पडला, तर मी तो पण असाच लिहून आणेन.

जे घरचे आपल्या माणसासाठी असं पत्र लिहिणार आहेत त्यांना एकच सांगते, आधी आठवडाभर वहीत लिहा. काय सांगावं लागलं, किती वेळा, आणि नाही सांगितलं तर काय झालं. "त्याला काही कळत नाही" असं लिहू नका, त्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. "पेस्ट संपली तरी सांगत नाही" असं लिहा. जे जमतं ते पण लिहा, नाहीतर जे जमत नाही त्यावर कोण विश्वास ठेवेल. आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला वाचायला द्या, जर तो वाचू शकत असेल तर. आमच्याने दोन दुरुस्त्या केल्या, एक अंघोळीची आणि एक कॅरमची, दोन्ही बरोबर होत्या.

फाईलमध्ये पहिला केसपेपर, दोन डिस्चार्ज कार्ड, गेल्या वर्षभरातल्या चिठ्ठ्या, क्लोझापिनसाठी करतो त्या रक्ताचे रिपोर्ट, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि वर्कशॉपच्या जुन्या मालकांनी दिलेलं एका पानाचं पत्र तारखेप्रमाणे लावलंय. मालकांनी त्यात कामावर काय व्हायचं ते स्वतःच्या शब्दात लिहिलंय, फोनवर बोलायला पण तयार आहेत, नंबर पत्राच्या खाली आहे, संध्याकाळी सहानंतर केलात तर मशीनचा आवाज नसतो.

आपली,
अर्जदाराची मोठी बहीण
लोकमान्य नगर, ठाणे